मातीतील ओलाव्याची नोंद आर्डुइनोवर: सेन्सरचे मापांकन कसे करावे आणि वीज कुठून द्यावी?

डाळिंबाचा_मळा

नमस्कार मंडळी. इंदापूर तालुक्यात आमची दीड एकर डाळिंबाची बाग आहे. जमीन मध्यम काळी असून ठिबक आहे आणि प्रत्येक झाडाला चार लिटरचे दोन ड्रीपर आहेत. गेल्या बहरात तडकलेली फळे बरीच निघाली. पाणी कधी जास्त, कधी उशिरा, हे त्यामागचे एक कारण आहे असे आम्हाला वाटते. त्यामुळे मुळांजवळचा ओलावा रोज मोजावा असे ठरवले.

काळ्या पट्टीचे, v1.2 असे छापलेले चार कपॅसिटिव्ह सेन्सर घेतले आणि आर्डुइनो उनोला जोडले. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे सेन्सर हवेत धरून आलेला आकडा ० टक्के आणि पाण्याच्या पेल्यात आलेला आकडा १०० टक्के धरला. माझ्या पहिल्या सेन्सरचा हवेत ६०० आणि पाण्यात २९० येतो. पाणी दिल्यावर बागेत ३४० आला, म्हणजे ८४ टक्के. पुढे आकडा ४४० वर पोहोचला तेव्हा यंत्र ५२ टक्के दाखवत होते, पण वडिलांनी सहा इंचांवरची माती हातात घेतली आणि पाण्याला उशीर झाला असे सांगितले. अर्धा ओलावा शिल्लक असताना उशीर कसा होईल?

दुसरी अडचण विजेची आहे. पॉवर बँक थोड्या वेळाने आपोआप बंद होते, म्हणून पेन्सिल आकाराचे चार रिचार्जेबल सेल थेट 5V पिनवर दिले. ते जेमतेम सव्वा दिवस पुरतात. त्यातही काल सेल बदलल्याबरोबर, पाणी दिलेले नसताना, आकडा २५ ने उतरला, जणू माती ओली झाली. सेन्सर खराब आहे का?

गच्चीवरची_बाग

माझ्याकडे कुंड्यांत दोन काट्यांचे चांदीसारखे सेन्सर होते. महिनाभरात एक काटा हिरवा पडून झिजला आणि आकडे वाटेल तसे येऊ लागले. तुमचाही तोच प्रकार नसेल ना?

सोल्डरिंग_सातारा

ताई, तुमचे ते रोधावर चालणारे सेन्सर होते. त्यांच्या उघड्या काट्यांतून मातीत सतत प्रवाह जातो आणि धातू विरघळतो. यांच्या सेन्सरमध्ये तांबे लाखेच्या थराखाली झाकलेले असते, त्यामुळे ते तसे झिजत नाहीत. त्यांचे दुखणे वेगळे आहे. पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात आणि तिथून पाणी आत शिरते. मी कडांना दोन हात नेलपॉलिश लावतो आणि वरच्या भागातील चिप व सुटे भाग इपॉक्सीत बुडवून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवतो. हे केल्याशिवाय सहा इंच खोल पुरू नये.

दादा, तुमचा सेन्सर खराब नाही, वीज कमी-जास्त होते आहे. उनो आकडा काढतो तो स्वतःच्या पुरवठ्याच्या तुलनेत. सेन्सरवर बारीक तीन पायांचा रेग्युलेटर असतो, त्यामुळे सेल उतरले तरी सेन्सरचा व्होल्टेज फारसा हलत नाही, पण ज्या फुटपट्टीने तो मोजायचा ती फुटपट्टीच आखडते. तुमचा आकडा ३८५ असेल तर पाच व्होल्टच्या हिशेबाने सेन्सर १.८८ व्होल्ट देतो आहे. पुरवठा ४.७ व्होल्टवर आला की तोच १.८८ व्होल्ट ४१० दिसतो. माती जशी होती तशीच आहे, तरीही २५ चा फरक. नेमका तेवढाच तुम्ही लिहिला आहे.

डाळिंबाचा_मळा

आपले म्हणणे तपासले. मीटर लावून पाहिले तर उतरलेल्या सेलवर ४.६८ व्होल्ट होते आणि ताज्यावर ५ च्या थोडे वर. म्हणजे इतके दिवस मी ओलावा म्हणून काही अंशी सेलच मोजत होतो. हे कसे टाळावे?

सोल्डरिंग_सातारा

उनोवर सर्वांत सोपा उपाय म्हणजे 3.3V पिनवरून AREF पिनला एक वायर जोडणे. 3.3V वर वेगळा रेग्युलेटर आहे, त्यामुळे सेल ५ वरून ४.५ वर आले तरी ती फुटपट्टी बदलत नाही. सेन्सर चाचणीपुरताच चालू करावा, म्हणजे वीजही वाचते. एका सेन्सरला साधारण पाच मिलिअँपिअर लागतात, तेवढे डिजिटल पिन सहज देते.

```
void setup() {
  analogReference(EXTERNAL);
  pinMode(7, OUTPUT);
  Serial.begin(9600);
}
int vacha() {
  long s = 0;
  digitalWrite(7, HIGH);
  delay(1000);
  analogRead(A0);
  for (int i = 0; i < 16; i++) {
    s += analogRead(A0);
    delay(10);
  }
  digitalWrite(7, LOW);
  return s / 16;
}
void loop() {
  Serial.println(vacha());
  delay(10000);
}
```

analogReference(EXTERNAL) ही ओळ पहिल्या वाचनाच्या आधी आलीच पाहिजे. AREF ला बाहेरून वीज जोडलेली असताना ती ओळ राहिली तर चिपला इजा होऊ शकते. पहिले वाचन मी मुद्दाम टाकून देतो आणि पुढच्या सोळांची सरासरी घेतो. यानंतर तुमचे सर्व जुने आकडे बाद होतील, कारण आता ३.३ व्होल्टच्या हिशेबाने १.८८ व्होल्ट म्हणजे ५८३ दिसेल.

कोरडवाहू_परभणी

मला यात थोडे वेगळे सांगायचे आहे. आमच्या आजोबांनी आणि वडिलांनी वाफसा मुठीत बघितला. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, हाताला चिखल लागू नये आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला की गोळा फुटावा. हे ज्याला कळते त्याला चार आकड्यांची गरज नाही. सेन्सर एका झाडाखाली असतो, आपण चालताना सगळे रान बघतो.

मृद_अभ्यासक

काकांनी जे लिहिले तेच या धाग्यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मी म्हणेन. हवा आणि पाण्याचा पेला ही सेन्सरची दोन टोके आहेत, मातीची नव्हेत. मातीत सेन्सर हवेइतका कोरडा कधीच होत नाही, आणि सच्छिद्र माती पूर्ण भिजली तरी तिचा निम्मा भाग घनच असतो. झाडाच्या उपयोगाचा ओलावा या दोन टोकांच्या मधल्या एका अरुंद पट्ट्यात असतो. डाळिंबाचा_मळा यांच्या जुन्या आकड्यांच्या हिशेबाने तो पट्टा साधारण ३८५ ते ४४० एवढाच असावा. एकूण ३१० मधले ५५. त्यात सेल उतरल्याने २५ ची चूक म्हणजे जवळजवळ निम्मा पट्टा वाहून गेला. ५२ टक्क्यांवर झाड ताणात का होते, याचेही कारण हेच आहे. ते ५२ टक्के पाणी नव्हते, हवा आणि पाणी यांमधील अंतराचे ते ५२ टक्के होते.

म्हणून टक्के विसरावेत आणि आपल्या मातीत, सेन्सर जिथे पुरला आहे तिथेच, दोन खुणा शोधाव्यात. पहिली खूण वाफशाची. सेन्सरभोवतीची जागा भरपूर भिजवावी, वरून प्लास्टिक अंथरावे म्हणजे उन्हाने ओल उडणार नाही, आणि काळ्या मातीत दोन ते तीन दिवस थांबावे. जास्तीचे पाणी खाली निघून गेले की आकडा स्थिरावतो. तो तुमचा वाफशाचा आकडा. दुसरी खूण पाणी देण्याची. तिथे काकांची मूठ लागेल. अनुभवी माणूस ज्या दिवशी ‘आता द्या’ म्हणतो, त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवावा आणि असे तीन-चार वेळा करावे.

विद्यार्थी_अकोला

सर, वाफसा म्हणजे प्रयोगशाळेतली क्षेत्रक्षमताच ना? मग काळ्या मातीची क्षेत्रक्षमता पुस्तकातून घेतली तर एवढे थांबायची गरज नाही.

मृद_अभ्यासक

जवळजवळ तीच, पण आकडा पुस्तकातून घेणे चूक ठरेल. चिकणमातीचे प्रमाण, सेंद्रिय कर्ब आणि माती किती दाबलेली आहे यावर तो बदलतो. शिवाय आपल्याला सेन्सरचा आकडा हवा आहे, मातीचा नव्हे, आणि प्रत्येक सेन्सर वेगळा असतो. चारही सेन्सर एकाच बादलीत त्याच खुणेपर्यंत बुडवून पाहावेत.

डाळिंबाचा_मळा

पाहिले. जुन्या पद्धतीने, ताज्या सेलवर, एकाच बादलीत २९०, २७६, ३०१ आणि २८८ आले. सर्वांवर रंगाने क्रमांक टाकले आहेत. काकांना एक सांगतो, आमचे वडीलही मूठच बघतात आणि त्यांच्या हातावर माझा विश्वास आहे. पण मी पुण्याला नोकरी करतो आणि वडिलांना गुडघ्यामुळे रोज बागेत वाकणे होत नाही. त्यांची मूठ आकड्यात उतरवून ठेवावी, एवढाच माझा हेतू आहे.

कोरडवाहू_परभणी

मग बरोबर आहे. वडिलांना बरे वाटेल असे करा. फक्त माती घेताना ड्रीपरच्या अगदी खालची घेऊ नका, तिथे नेहमीच ओल असते.

थ्रीफेज_रात्रपाळी

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. सेन्सर कोरडा दिसला की मोटर आपोआप सुरू व्हावी, यासाठी स्टार्टरला रिले कसा जोडावा?

सोल्डरिंग_सातारा

तो विषय स्वतंत्र धाग्याचा आहे आणि स्टार्टरला हात लावण्याचे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. इथे एवढेच सांगतो की, ज्या आकड्याची अजून खात्री नाही त्याच्या भरवशावर मोटर सुरू करू नका. वायर तुटली की इनपुट मोकळे राहते आणि आकडा कुठेही भटकतो. त्या दिवशी बाग भिजत राहील.

विद्यार्थी_अकोला

मला तरीही टक्के हवे आहेत, कारण प्रकल्प अहवालात ते मागतात. मी एक लिटरच्या डब्यात उन्हात वाळवलेली माती भरून दर वेळी ५० मिली पाणी घालतो आणि आकडा लिहितो. आलेख मात्र वाकडातिकडा येतो.

मृद_अभ्यासक

दोन कारणे आहेत. काळी माती उन्हात कितीही वाळवली तरी तिच्यात काही टक्के पाणी राहतेच, म्हणजे तुमचा शून्य हा शून्य नाही. आणि तिच्यात पाणी ओतले की वरच्या मातीची ढेकळे होतात व खालची कोरडीच राहते. पाणी मिसळून माती बंद पिशवीत रात्रभर ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी डब्यात तेवढ्याच घट्टपणे, तेवढ्याच खुणेपर्यंत भरावी. तरीही डब्यातली भुसभुशीत माती आणि रानातली बसलेली माती सारखी नसते.

त्यापेक्षा रानातच करा. सेन्सरचा आकडा लिहावा आणि त्याच वेळी हातभर अंतरावरून, तेवढ्याच खोलीची माती झाकणाच्या डबीत घ्यावी. समजा डबी वगळून ओल्या मातीचे वजन १२६ ग्रॅम भरले. ती १०५ अंश तापमानाला २४ तास वाळवली आणि १०० ग्रॅम राहिली, तर वजनाने ओलावा २६ टक्के. रानातल्या अशा एक घन सेंटिमीटर मातीचे कोरडे वजन १.३ ग्रॅम असेल तर आकारमानाने ओलावा सुमारे ३४ टक्के होतो. ते १.३ काढण्यासाठी माप माहीत असलेली लोखंडी नळी मातीत ठोकावी आणि आतली माती वाळवून तोलावी. माती ओली असताना एक, मध्यम असताना दोन आणि कोरडी असताना एक अशा चार जोड्या मिळाल्या की त्यांतून रेषा काढता येते. ती रेषा त्याच सेन्सरला आणि त्याच शेताला लागू पडेल.

गृहिणी_कोल्हापूर

घरी ओव्हन नाही. तव्यावर मंद आचेवर परतली तर?

मृद_अभ्यासक

अंदाजापुरते चालेल. आच मंद ठेवा, पातळ पसरा, आणि दोन वेळा तोलून वजन तेच आले की थांबा. जास्त तापले तर सेंद्रिय भाग जळतो आणि वजन खोटे कमी येते, म्हणजे ओलावा खोटा जास्त दिसतो. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासणीची सोय असेल तर चार डब्या वाळवून देण्याची विनंती करून पाहावी.

सोल्डरिंग_सातारा

आता विजेकडे वळतो, कारण मूळ प्रश्नातला तो भाग अर्धा राहिला आहे. उनो नुसता चालू असला तरी ५० मिलिअँपिअरच्या आसपास खातो. दिवसाचे १२०० मिलिअँपिअर-तास झाले, म्हणून पेन्सिल सेल सव्वा-दीड दिवसात संपणारच. फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची बॅटरी बहुतेक घरी असते, ती हिशेबाने सहा दिवस जाईल, पण तिचा निम्म्याहून अधिक भाग उनोवरच्या रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन वाया जातो. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी तर अर्धा दिवसही टिकणार नाही.

बागेत ठेवायला ३.३ व्होल्टचा आर्डुइनो प्रो मिनी बोर्ड घ्यावा. त्यावर यूएसबीचा भाग नाही. वीज दाखवणारा छोटा दिवा एकटाच एक-दोन मिलिअँपिअर खातो, तो सोल्डरने काढून टाकावा. दोन वाचनांच्या मध्ये चिपला झोपवावे. आठ-आठ सेकंदांच्या ४५० डुलक्या म्हणजे एक तास. ही आतली घड्याळे थोडी मागेपुढे होतात, पण आपल्याला मिनिटाची अचूकता नको आहे. दिवा काढल्यावर माझा बोर्ड झोपेत ०.१ मिलिअँपिअरच्या खाली राहतो, आणि मग २५०० मिलिअँपिअर-तासांचा एक 18650 सेल अख्खा बहर सहज काढतो. सौर पट्टीची गरजच उरत नाही.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. सेल ३.५ व्होल्टच्या खाली गेला की बोर्डाचा रेग्युलेटर ३.३ धरू शकत नाही आणि तुमची जुनीच फुटपट्टीची अडचण परत येते, म्हणून प्रत्येक नोंदीसोबत पुरवठ्याचा व्होल्टेजही लिहावा. आणि सेन्सरवरच्या चिपवर TLC555 छापलेले असल्याची खात्री करावी. NE555 ला किमान साडेचार व्होल्ट लागतात, ती ३.३ वर भरवशाची नाही. बोर्ड बदलल्यावर खुणा पुन्हा घ्याव्या लागतील, हे गृहीत धरा.

नाशिकचा_मांडव

मी सिमकार्डाचे मॉड्यूल लावून रोज एसएमएस घेतो. सौर पट्टीशिवाय ते जमणार नाही.

सोल्डरिंग_सातारा

आपले बरोबर आहे. ते मॉड्यूल नेटवर्क शोधताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत खेचते, त्यासाठी मोठा सेल, जाड वायर आणि मॉड्यूलजवळ कपॅसिटर लागतोच. पण रोज कोणी ना कोणी बागेत जात असेल तर नोंदी चिपच्या आतच ठेवता येतात. तिथे १०२४ बाइट जागा असते. चार सेन्सर आणि पुरवठ्याचा व्होल्टेज, दिवसातून चार वेळा, प्रत्येक आकड्याला दोन बाइट, म्हणजे दिवसाला ४० आणि एकूण २५ दिवस. तीन आठवड्यांतून एकदा यूएसबी-सिरियल अडॅप्टर आणि ओटीजी केबल लावून मोबाइलवर उतरवून घ्यावे.

नाशिकचा_मांडव

ज्यांचे शेत घरापासून आठ किलोमीटरवर आहे त्यांना तीन आठवड्यांनी कळून काय उपयोग? पाणी आज द्यायचे असते. माझे मत बदललेले नाही.

कोरडवाहू_परभणी

एक शंका. आमच्या भारी काळ्या रानात एप्रिलमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग नेमकी सेन्सरजवळून गेली तर?

मृद_अभ्यासक

काका, यावर माझ्याकडे पक्का उपाय नाही. पट्टी आणि माती यांच्यामध्ये हवेची फट पडली की आकडा एकदम कोरड्याकडे उडी मारतो. रोज पाच-दहाने चढणारा आकडा एका रात्रीत साठने चढला तर ती फट समजावी, तहान नव्हे. ठिबकाखालची माती सतत ओलसर राहते म्हणून बागेत हे कमी होते, पण कोरडवाहू कापसात हे सेन्सर उन्हाळ्यात वापरावेत असे मी म्हणणार नाही. बसवताना भोक पाडून पट्टी घालून वरून माती लोटू नये. पट्टीच्या रुंदीची चीर पाडावी, त्याच मातीचा पातळ चिखल आत ओतावा आणि पट्टी उभी दाबावी.

डाळिंबाचा_मळा

पाच आठवड्यांनी परत लिहितो आहे. प्रो मिनी, एक 18650 सेल आणि TLC555 चे चार सेन्सर, ड्रीपरपासून एक वीत बाजूला, सहा इंच खोल. डबी पांढऱ्या पीव्हीसी पाइपात घालून झाडाच्या सावलीत टांगली आहे. रोज पहाटे साडेपाचचाच आकडा धरतो, कारण दुपारी माती तापल्यावर तोच सेन्सर वेगळे वाचतो असे दिसले. सेल ४.१ वरून ४.० व्होल्टवर आला आहे.

वडिलांना आकडे न दाखवता मूठ बघायला सांगितले. पहिल्या सेन्सरजवळ त्यांनी तीन वेळा ‘वाफसा आहे’ म्हटले तेव्हा ५८०, ५८८ आणि ५७५ होते. ‘आज पाणी द्या’ म्हटले तेव्हा ६६० आणि ६७१. एकदा मात्र आकडा ६४० असतानाच ते द्या म्हणाले, आणि खणून पाहिले तर खरोखर एका बाजूचा ड्रीपर तुंबला होता. सेन्सर दुसऱ्या बाजूला होता.

तिसऱ्या सेन्सरचा उलगडा होत नाही. ठिबकातून खत सोडले की त्याचा आकडा दोन दिवस ३० ने ओल्याकडे जातो, बाकीचे १० ने.

मृद_अभ्यासक

खताच्या क्षारांनी पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि या स्वस्त सेन्सरांना ती ओलाव्यासारखी भासते. १० चा फरक त्यामुळे असावा. ३० कशामुळे, हे बाहेर काढून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. कडांवरची लाख तपासावी, आणि तोवर खत दिल्यानंतरचे दोन दिवस त्या सेन्सरवर पाण्याचा निर्णय घेऊ नये.

डाळिंबाचा_मळा

रविवारी काढतो. वडील म्हणतात तिसऱ्या झाडाकडची जमीन थोडी चोपण आहे, तेही पाहतो.